घुसळलेले ताक आणि कालवलेले ताक

दुपारच्या जेवणात ताक हवेच, अशी मराठी घरे अजून भरपूर आहेत. पण पेल्यात येणारे ताक आता बहुतेक ठिकाणी घुसळलेले नसते. वाटीभर दही पातेल्यात घ्यायचे, त्यात पाणी ओतायचे, हाताने रवी दोन-चार वेळा फिरवायची किंवा मिक्सरचा खटका अर्धा मिनिट दाबायचा, मीठ-जिरे घालायचे, की झाले ताक. लोणी काढून उरलेले ताक आणि हे दह्याचे पाणी दिसायला जवळपास सारखेच. जुन्या माणसांना मात्र पहिल्याच घोटाला फरक कळतो आणि ‘हे खरे ताक नव्हे’ असा शेरा मिळतो. त्याला जोडूनच आणखी एक गोष्ट सांगितली जाते: घुसळलेल्या ताकात पोटाला चांगले जिवाणू जास्त असतात, कालवलेल्यात ते नसतात. यातला चवीबद्दलचा शेरा बराचसा बरोबर आहे. जिवाणूंबद्दलचा समज मात्र तपासून पाहण्यासारखा आहे, कारण पोटाच्या तक्रारींसाठी ताक पिणारे अनेकजण त्यावर विसंबून असतात.

हा भेद काही आजचा नाही. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात ताकाचे पाच प्रकार सांगितले आहेत. सायीसकट, पाणी न घालता घुसळलेले ते घोल; साय काढून, पाणी न घालता घुसळलेले ते मथित; चौथा हिस्सा पाणी घातलेले ते तक्र; निम्मे पाणी घातलेले ते उदश्वित्; आणि स्निग्धांश काढून भरपूर पाणी घातलेली ती छच्छिका. ‘ताक’ हा आपला शब्द यातल्या ‘तक्र’वरूनच आला. या वर्गीकरणात लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी, की पाची प्रकार दोनच प्रश्नांवर उभे आहेत: स्निग्धांश किती काढला आणि पाणी किती घातले. आजच्या दुग्धशास्त्राने विचारले तरी हेच दोन प्रश्न पहिले येतील.

दुधातला स्निग्धांश सुटा नसतो. तो काही मायक्रॉन आकाराच्या सूक्ष्म थेंबांच्या रूपात असतो आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिने व फॉस्फोलिपिड यांचे पातळ आवरण असते. या आवरणामुळे थेंब एकमेकांना चिकटत नाहीत. विरजण लावले की जिवाणू दुधातल्या साखरेपासून, म्हणजे लॅक्टोजपासून, लॅक्टिक आम्ल तयार करतात. आंबटपणा वाढत पीएच ४.६च्या आसपास आला की केसिन हे प्रथिन एकमेकांत गुंफून जाळे बनते. तेच आपले लागलेले दही. स्निग्धांशाचे थेंब या जाळ्यात अडकून बसलेले असतात.

रवी फिरू लागली की आधी हे जाळे मोडते. मग दह्यात हवा शिरते, फेस येतो आणि स्निग्धांशाचे थेंब हवेच्या बुडबुड्यांच्या कडेला गोळा होतात. तिथे त्यांची टक्कर होते, आवरण फाटते आणि आतला स्निग्धांश उघडा पडून शेजारच्या थेंबाला चिकटतो. चिकटता चिकटता कण होतात, कणांचा गोळा होतो. फाटलेले आवरण मात्र बरेचसे लोण्याबरोबर जात नाही, ते ताकात राहते. घुसळलेल्या ताकाचे वेगळेपण समजून घ्यायचे तर ही एवढी गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

थेंब चिकटायला ते अर्धे घट्ट, अर्धे पातळ असावे लागतात. पूर्ण वितळलेले थेंब एकमेकांवरून घसरतात आणि फार गार, कडक झालेले थेंब आपटून परत फिरतात. उन्हाळ्यात घुसळताना बर्फाचे पाणी आणि थंडीत कोमट पाणी घालण्याची रीत यासाठीच आहे. घरच्या दह्याचे लोणी साधारण वीस अंशांच्या आसपास नीट येते. नुसत्या सायीला त्याहून गार चालते. मे महिन्यात ओट्यावर ठेवलेले दही घुसळायला घेतले तर अर्धा तास रवी फिरवूनही लोण्याऐवजी तेलकट, चिकट थर भांड्याच्या कडेला लागतो. त्यावर उपाय आणखी घुसळण्याचा नाही. भांडे थोडा वेळ गार पाण्यात ठेवावे आणि मग परत सुरुवात करावी. मिक्सरमध्येही हाच धोका असतो. पाते सलग फिरत राहिले की दही तापते आणि आलेले लोणी पुन्हा बारीक होऊन ताकात मिसळते. म्हणून खटका थांबून थांबून दाबावा लागतो.

लोणी आल्याचे कानाला आधी कळते. जाड, दबलेला आवाज जाऊन पाणी हिंदकळल्यासारखा आवाज येऊ लागतो, फेस बसतो, रवी हलकी फिरते आणि तिच्या दांड्यांना रव्यासारखे कण दिसतात. इथवर न पोहोचता थांबलेले ताक कितीही फेसाळ असले तरी ते कालवलेलेच असते. मिक्सरमधल्या बहुतेक ताकाची गत हीच आहे.

दोन्हींतला फरक आकड्यांत पाहू. ६ टक्के स्निग्धांशाच्या, म्हणजे ‘फुल क्रीम’ दुधाचे एक किलो दही लावले आणि त्याचे दोन सारखे भाग केले. प्रत्येक भागात ३० ग्रॅम स्निग्धांश आहे. पहिल्या भागात अर्धा लिटर पाणी नुसते कालवले. तयार झालेल्या लिटरभर ताकात तीसच्या तीस ग्रॅम राहिले, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात ६ ग्रॅम. दुसरा भाग तेवढेच पाणी घालून लोणी येईपर्यंत घुसळला. घरच्या घुसळण्याने सगळा स्निग्धांश कधीच निघत नाही; ताकात अर्धा ते एक टक्का उरतो. सात ग्रॅम उरला असे धरले तर एका पेल्यात दीड ग्रॅमहून कमी येतो. बाकीचा तेवीस ग्रॅम दोनेक चमचे लोण्यात गेला. दोन पेल्यांतला फरक चाळीसेक कॅलरींचा झाला. प्रथिने आणि कॅल्शियम मात्र लोण्याबरोबर जवळपास जात नाहीत, त्यामुळे ती दोन्ही पेल्यांत सारखीच. हृदयविकारामुळे ज्यांना स्निग्धांश मोजून खायला सांगितले आहे, त्यांनी ‘ताकच तर आहे’ म्हणून सायीच्या दह्याचे कालवलेले ताक दिवसाला तीन-चार पेले पिणे आणि घुसळलेले पिणे, यात अंतर पडते ते इथे.

पण हेच दही ३ टक्क्यांच्या टोन्ड दुधाचे असेल आणि त्यात तिप्पट पाणी घातले असेल, तर कालवलेल्या ताकातला स्निग्धांशही पाऊण टक्क्यावर येतो, घुसळलेल्याइतकाच. मग चव तशी का लागत नाही? प्रश्न केवळ स्निग्धांशाच्या प्रमाणाचा असता तर लागायला हवी होती.

एक कारण पिशवीतल्या दुधात आहे. बाजारातले बरेचसे दूध ‘होमोजिनाइज्ड’ असते. मोठ्या दाबाने बारीक छिद्रातून सोडून त्यातले थेंब एक मायक्रॉनच्या आसपास बारीक केलेले असतात आणि या नव्या, वाढलेल्या पृष्ठभागावर मूळ आवरणाऐवजी मुख्यत्वे केसिन जाऊन बसते. दूध ठेवल्यावर साय वर येऊ नये यासाठी ही प्रक्रिया करतात. अशा दुधाच्या दह्याला तासभर घुसळले तरी लोणी येत नाही, कारण थेंब फार बारीक असतात आणि त्यांचे नवे आवरण सहजी फाटत नाही. दूध तापवून गार केल्यावर जाड साय धरत नसेल तर त्याच्या दह्याकडून लोण्याची अपेक्षा ठेवू नये. त्यात घुसळणाऱ्याच्या हाताचा दोष नाही. गवळ्याकडचे म्हशीचे दूध या बाबतीत सोपे; त्यात स्निग्धांशही जास्त आणि थेंबही मोठे.

दुसरे कारण त्या फाटलेल्या आवरणात आहे. त्यातली फॉस्फोलिपिड अंड्याच्या पिवळ्या बलकातल्या लेसिथिनच्या जातकुळीतली असतात. पाणी आणि स्निग्ध पदार्थ यांना बांधून ठेवण्याचा त्यांचा गुण आहे. लोणी काढलेल्या ताकात ती पाण्यात मोकळी होतात. त्यामुळे स्निग्धांश कमी असूनही असे ताक जिभेला भरीव लागते. कालवलेल्या ताकातही हे आवरण असते, पण ते आपापल्या थेंबाभोवती गुंडाळलेलेच राहते. शिवाय घुसळलेल्या ताकात लोण्याचे डोळ्यांना न दिसणारे कण तरंगत असतात, ते तोंडात वितळतात. आणि बराच वेळ घुसळल्यामुळे केसिनच्या जाळ्याचे तुकडे बारीक झालेले असतात. घाईने कालवलेल्या ताकातले जाडसर तुकडे दहा-पंधरा मिनिटांत खाली बसतात, वर निवळी दिसते आणि पहिला घोट पाणचट, शेवटचा घोट पिठूळ लागतो. घुसळलेल्याचीही निवळी होते, फक्त उशिरा.

आंबटपणाचेही तसेच आहे. तोंडातल्या स्निग्धांशाचा थर आंबटपणा बोथट करतो. तो निघून गेला की तेच आम्ल अधिक स्वच्छ, धारदार जाणवते. सायीच्या दह्याचे कालवलेले ताक म्हणूनच मवाळ आणि काहीसे जड लागते. त्यात पाणी वाढवावे तर आंबटपणा जाऊन अळणीपणा येतो, आणि मग मिठाचा चमचा पुढे सरकतो. पेल्याला अर्धा चमचा मीठ म्हणजे अडीच-तीन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेल्या पाच ग्रॅमच्या मर्यादेतले निम्मे तिथेच संपले. रक्तदाब असलेल्यांसाठी हे त्या चाळीस कॅलरींपेक्षा महत्त्वाचे आहे.

तिसऱ्या कारणाकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि कदाचित तेच सर्वांत मोठे आहे: दोन्ही ताकांचे दहीच वेगळे असते. कालवलेले ताक कालच्या किंवा आजच्या दह्याचे. घुसळायचे असते ते बहुतेक घरांत आठवडाभर साठवलेल्या सायीचे विरजण. रोजची साय त्याच भांड्यात पडत राहते, जिवाणूंना रोज नवे खाद्य मिळते आणि सोबत थोडे यीस्टही वाढतात. लॅक्टोकॉकस आणि ल्युकोनोस्टॉक गटातले काही जिवाणू दुधातल्या सायट्रेटपासून डायअ‍ॅसिटिल नावाचे द्रव्य तयार करतात. ताज्या लोण्याचा जो ओळखीचा वास, तो याचा. लोक ज्याला घुसळण्याची चव म्हणतात तिच्यातला बराच वाटा अशा मुरलेल्या विरजणाचा असतो. त्याच सायीच्या दह्यातले थोडे घेऊन नुसते पाण्यात कालवले तर हा वास कालवलेल्या ताकालाही येतो. करून पाहण्यासारखे आहे.

मुरण्याला मर्यादा असते. साय फार दिवस राहिली, किंवा फ्रिजचे दार सतत उघडझाप होत राहिले, की थंडीत वाढणारे नको ते जिवाणू आणि बुरशी प्रथिने व स्निग्धांश फोडू लागतात. अशा सायीचे ताक कडवट लागते, कधी साबणासारखी किंवा खवट चव येते, वर गुलाबी, हिरवट किंवा काळे ठिपके दिसतात. लोणी कढवून तूप केले की वास झाकला जातो, पण ताक पिण्यालायक नसते. ते फेकावे. साय फ्रीझरमध्ये साठवून, पुरेशी झाल्यावर एकदम वितळवून, कोमट करून विरजण लावले तर ताक गोडसर आणि निर्धास्त मिळते, मुरलेल्या वासाला मात्र थोडे मुकावे लागते.

आता जिवाणूंकडे. घुसळण्याने जिवाणू वाढत नाहीत. त्यांना वाढायला ऊब, वेळ आणि खाद्य लागते. पंधरा मिनिटांच्या रवीने यातले काहीच मिळत नाही, आणि पूर्ण लागलेल्या आंबट दह्यात तर त्यांची वाढ आधीच मंदावलेली असते. घुसळण्याने ते मरतही नाहीत. दह्यातल्या जिवाणूंना हवेचे वावडे असले तरी इतक्या वेळाने फारसे बिघडत नाही. त्यातले बहुतेक पाण्याच्या भागात राहतात, त्यामुळे लोण्याबरोबर थोडेच जातात. प्रयोगशाळेत मोजताना मात्र एक गंमत होऊ शकते. दह्यातले अनेक जिवाणू साखळीने जोडलेले असतात आणि मोजणीत एक साखळी म्हणजे एकच ठिपका. घुसळण्याने साखळ्या तुटल्या तर ठिपके वाढतात. जिवाणू मात्र तितकेच असतात.

मघाचेच उदाहरण पुढे नेऊ. ताज्या दह्यात ग्रॅममागे दहा कोटी जिवंत जिवाणू आहेत असे धरू. चांगल्या दह्यात एवढे सहज असतात. अर्धा किलो दह्यात अर्धा लिटर पाणी घातले की मिलिलिटरमागे पाच कोटी राहतात, मग ते घुसळा की कालवा. तिप्पट पाणी घातले तर अडीच कोटी. पेल्याचा हिशोब सोपा आहे: पेल्यात दही किती ग्रॅम गेले तेवढ्यावर जिवाणूंची संख्या ठरते. पाण्याने होणारी ही घट दोन-चार पटींची आहे. दही शिळे होण्याने होणारी घट याहून मोठी असू शकते. फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस आंबत पडलेल्या दह्यात काही जातींचे जिवाणू दहापटीनेही कमी झालेले असतात. म्हणजे जिवंत जिवाणू हवे असतील तर आठवड्याच्या मुरलेल्या सायीच्या घुसळलेल्या ताकापेक्षा कालच्या दह्याचे कालवलेले ताक सरस ठरण्याचीच शक्यता अधिक. चव आणि जिवाणू यांची दिशा इथे उलटी आहे.

दूध न पचणाऱ्यांना ताक का चालते, याचेही उत्तर रवीत नाही. पेलाभर दुधात नऊ-दहा ग्रॅम लॅक्टोज असते. विरजणातल्या जिवाणूंनी त्यातला काही भाग वापरलेला असतो आणि ताकात निम्मे पाणी असते, म्हणून पेल्यात साडेतीन-चार ग्रॅमच उरते. त्यात दह्यातल्या जिवंत जिवाणूंचे विकर आतड्यात लॅक्टोज फोडायला मदत करते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली हा एक फायदा पुराव्यानिशी मान्य केला, पण तो योगर्टमधल्या दोन ठरावीक जिवाणूंसाठी आणि ग्रॅममागे किमान दहा कोटी संख्या असेल तरच. घरच्या विरजणात कोणत्या जाती आहेत हे घरोघरी बदलते. म्हणून घरच्या ताकाला ‘प्रोबायोटिक’ म्हणताना हात आखडता घ्यावा. त्या शब्दाचा शास्त्रीय अर्थ ओळखलेले वाण, पुरेशी मात्रा आणि सिद्ध झालेला उपयोग असा आहे.

जिवाणू खरोखर मरतात ते उष्णतेने. कढी उकळली की तिच्यात जिवंत काही राहत नाही. प्रथिने, कॅल्शियम, चव राहते. ताकाला वरून दिलेल्या फोडणीची मात्र उगाच भीती बाळगली जाते. दहा ग्रॅम तूप १८० अंशांना कडकडीत तापवून लिटरभर ताकात ओतले, तर सगळ्या ताकाचे तापमान एक अंशानेही वाढत नाही. चर्रर्र आवाज मोठा होतो, एवढेच.

विकतच्या ताकात पाहायचे ते वेष्टनावर. महिनोन्‌महिने फ्रिजबाहेर टिकणारे डब्यातले मसाला ताक आंबवल्यानंतर पुन्हा तापवलेले असते; ‘यूएचटी’ किंवा ‘हीट ट्रीटेड’ असे शब्द त्यावर सापडतात. त्यात जिवंत विरजण नसते. गारच ठेवावे लागणारे, थोड्या दिवसांची मुदत असलेले पिशवीतले ताक बहुधा जिवंत असते. ते बाहेर राहिले तर तासागणिक आंबट होत जाते, आणि त्याच्या जिवंतपणाची घरच्या घरी दिसणारी खूण तीच.

राहिला प्रश्न पाण्याचा. दही आंबट असल्याने त्यात रोगजंतू सहसा तग धरत नाहीत. पण टाकीतले न उकळलेले पाणी किंवा बाहेरचा बर्फ घातला, की त्यातून आलेले जंतू ताक तोंडाला लावेपर्यंतच्या दहा मिनिटांत आम्लाने मरतील असे मुळीच नाही. निम्मे ताक पाणीच असते. जुलाब झालेल्या माणसाला किंवा लहान मुलाला ताक द्यायचे तर ते घुसळले की कालवले हे विचारण्याआधी पाणी उकळून गार केलेले आहे का, हे विचारावे. रस्त्याकडेच्या गाडीवर तर मठ्ठ्याच्या दह्यापेक्षा त्यात तरंगणाऱ्या बर्फाकडेच आधी पाहावे.